बोगद्याच्या पलीकडचं वेळापत्रक

कोकण रेल्वेच्या मार्गावर नव्वदच्या वर बोगदे आहेत. रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा त्यांतला सर्वांत लांब, साडेसहा किलोमीटरचा. प्रवाशांच्या तोंडी त्याचंच नाव असतं. पण १९९० साली कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाल्यावर ज्या बोगद्यांनी इंजिनिअरांचा सगळ्यात जास्त छळ केला, ते लांबीनं त्याच्या आसपासही नव्हते. ते मऊ मातीतले नऊ बोगदे होते, आणि गोव्यातला पेडण्याचा बोगदा त्यांतलाच. या नऊ बोगद्यांनी एकूण कामाची सुमारे चार वर्षं खाल्ली आणि एकोणीस माणसांचे जीव घेतले.

कातळातला बोगदा अवघड असतो, पण त्याचा हिशेब लागतो. समोरच्या भिंतीत ठरावीक नक्षीनं भोकं पाडायची, सुरुंग भरायचे, उडवायचे, धूर निघून जाऊ द्यायचा, सुटलेले दगड ओढून काढायचे, छत तपासायचं आणि पुन्हा भोकं पाडायला लागायचं. अशा दहावीस फेऱ्या झाल्या की एका फेरीला किती तास लागतात आणि एका फेरीत बोगदा किती पुढे सरकतो, हे कळतं. पुढचा कातळ तसाच असेल, तर सहा महिन्यांनंतरची जागाही बऱ्यापैकी सांगता येते. या कामासाठी कोकण रेल्वेनं स्वीडनहून हायड्रॉलिक ड्रिलिंग यंत्रं आणली होती आणि कातळात त्यांनी चांगला वेग दिला.

मातीत ही यंत्रं चालेनात. पश्चिम किनाऱ्यावर जांभ्याच्या थराखाली बऱ्याच ठिकाणी पांढरट-पिवळसर, चिकणमातीसारखा थर असतो. कोरडा असेल तर तो बोटानं दाबून पाहणाऱ्याला भक्कम वाटतो. पाणी लागलं की त्याचा चिखल होऊन वाहू लागतो. भूजलाची पातळी वर असलेल्या भागात हा थर पाण्यानं भरलेलाच होता. खोदलेला भाग काही वेळा खोदल्याखोदल्या खाली यायचा आणि तेच काम पुन्हा करावं लागायचं. शेवटी माणसांनी हातानं, थोडी थोडी माती काढत पुढे जाण्याशिवाय मार्ग उरला नाही.

अशा बोगद्याचं वेळापत्रक कसं बनवायचं?

याला दोन सोपी उत्तरं आहेत आणि दोन्ही चुकीची आहेत. पहिलं उत्तर म्हणजे सगळं आजच ठरवून टाकायचं. पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत प्रत्येक कामाची तारीख लिहायची, तक्ता छापायचा आणि साइटच्या कार्यालयात भिंतीवर लावायचा. पंधराव्या महिन्यातल्या तिसऱ्या आठवड्यात कोणती टोळी कुठे असेल, हेसुद्धा त्यात असतं. त्या ओळीमागे माहिती काहीच नसते, एक कोरा आकडा पुढे ओढत नेलेला असतो. दुसरं उत्तर याच्या उलट. पुढचं काहीच कळत नाही, तेव्हा योजना करून काय उपयोग, काम सुरू करू आणि येईल तसं बघू. मग पैसा किती लागणार, सिमेंट केव्हा मागवायचं, रूळ टाकणाऱ्यांना केव्हा बोलवायचं, याचं उत्तर कोणाकडेच नसतं.

या दोन टोकांच्या मधली एक शिस्तशीर पद्धत प्रकल्प व्यवस्थापनात रूढ आहे. तिला रोलिंग वेव्ह प्लॅनिंग म्हणतात. जवळच्या काळातली कामं बारीक तपशिलासकट आखायची आणि लांबची कामं मोठ्या, ढोबळ गठ्ठ्यांत ठेवायची. जवळची कामं पूर्ण होत आली की त्यांतून मिळालेली माहिती घेऊन पुढचा गठ्ठा फोडायचा आणि त्याचा तपशील लिहायचा. कोकण रेल्वेच्या कागदांवर हे नाव असेलच असं नाही. पण समोर काय आहे ते खोदल्याशिवाय कळणार नसेल, तिथे काम करणाऱ्याला शेवटी याच रीतीकडे यावं लागतं.

तपशील किती लांबपर्यंत लिहायचा, हा या पद्धतीतला पहिला खरा प्रश्न. पुस्तकांत तीन महिने, सहा महिने असे ठोकताळे दिलेले असतात. बोगद्यात मात्र याचं उत्तर बरंच ठोस मिळतं. खोदकाम पुढे नेण्याआधी समोरच्या भिंतीतून एक लांब, बारीक भोक पुढे पाडतात. त्यातून बाहेर येणारा चुरा आणि पाणी बघून पुढची जमीन कशी आहे याचा अंदाज घेतात. हे भोक तीस मीटर गेलं असेल, तर तीस मीटरपर्यंतच्या जमिनीबद्दल काहीतरी प्रत्यक्ष हाती आलेलं असतं. तपशीलवार योजनेची हद्द तीच. त्यापुढचं सगळं नकाशावरून, वरून घेतलेल्या मोजक्या बोअरवरून आणि शेजारच्या विहिरींच्या पाण्यावरून बांधलेला तर्क असतो. म्हणून किती महिन्यांचा तपशील लिहू, या प्रश्नाआधी एक प्रश्न विचारावा लागतो: खात्रीची माहिती कुठपर्यंत आहे?

एक काल्पनिक बोगदा घेऊन हे आकड्यांत पाहता येईल. मऊ मातीतला बाराशे मीटरचा बोगदा आहे आणि दोन्ही तोंडांकडून खोदायचा आहे, म्हणजे प्रत्येक बाजूला सहाशे मीटर. खर्चाची मंजुरी साठ कोटींची. पहिली लाट तीन महिन्यांची ठरली. पहिल्या महिन्यात दोन्ही तोंडांशी उतार बांधून घ्यायचा, पाणी उपसायची सोय करायची आणि बोगद्याचं मुख तयार करायचं. पुढच्या दोन महिन्यांत प्रत्येक बाजूला रोज एक मीटर या हिशेबानं साठ मीटर आत जायचं. या तीन महिन्यांचं प्रत्येक काम नावानिशी लिहिलेलं असतं: कोणती पाळी, किती माणसं, लोखंडी कमानी किती, पंप किती, कोणाच्या सहीनं पुढचा मीटर खोदायचा.

उरलेल्या पाचशेचाळीस मीटरसाठी मात्र एकच ओळ. त्या ओळीत एक तारीख लिहिणं म्हणजे वाचणाऱ्याची दिशाभूल. माती चांगली निघाली तर रोज दोन मीटर होतील, वाईट निघाली तर अर्धा मीटर. म्हणजे नऊ महिने ते छत्तीस महिने. हा पल्ला ऐकून वरचे अधिकारी नाराज होतात, पण त्या दिवशी खरी माहिती तेवढीच असते. त्या ओळीशेजारी आणखी एक नोंद हवी, आणि अनेक योजनांत नेमकी तीच नसते: या गठ्ठ्याचा तपशील कोण लिहिणार आणि कोणत्या तारखेपर्यंत.

तीन महिने संपले. प्रत्येक बाजूला साठऐवजी पंचेचाळीस मीटर झाले. साठ दिवसांत पंचेचाळीस, म्हणजे रोज पाऊण मीटर. आता उरले प्रत्येकी पाचशेपंचावन्न मीटर. दोन महिन्यांची माती पाहून इंजिनिअर म्हणतात की वेग सहा दशांश मीटरच्या खाली जाणार नाही आणि एक पूर्णांक दोन दशांशच्या वर जाणं कठीण आहे. म्हणजे उरलेल्या कामाला पंधरा ते एकतीस महिने. पहिल्या अंदाजाशेजारी हा ठेवला तर दोन गोष्टी दिसतात. नऊ महिन्यांत होईल ही आशा संपली आणि छत्तीस महिन्यांची भीतीही कमी झाली. सत्तावीस महिन्यांचा पल्ला सोळावर आला. लाट पुढे सरकल्यानं हाती लागतं ते हेच. अंदाज अरुंद होत जातो, आणि किती अरुंद झाला ते मोजता येतं. दोनतीन लाटांनंतरही पल्ला तेवढाच रुंद राहत असेल, तर जमिनीबद्दल काहीच शिकलं जात नाही, असा त्याचा अर्थ. अशा वेळी खोदण्याआधी आणखी बोअर घ्यावेत, जास्त लांब भोकं पाडावीत.

पैशाकडे वळलं की या पद्धतीतला सगळ्यात मोठा धोका समोर येतो.

समजा, मीटरमागे चार लाख धरले होते. पहिल्या लाटेतल्या एकशेवीस मीटरला चार कोटी ऐंशी लाख आणि मुखाच्या कामाला एक कोटी वीस लाख, मिळून सहा कोटी. उरलेल्या एक हजार ऐंशी मीटरच्या गठ्ठ्यात त्रेचाळीस कोटी वीस लाख आणि अनपेक्षित खर्चासाठी दहा कोटी ऐंशी लाख राखीव. प्रत्यक्षात दोन्ही बाजू मिळून नव्वद मीटर झाले आणि मीटरमागे पाच लाख लागले. मुखाचं काम ठरल्या खर्चात झालं. एकूण खर्च पाच कोटी सत्तर लाख.

हिशेबाच्या वहीत हे छान दिसतं. सहा कोटींची मंजुरी, तीस लाख वाचले. पण झालेल्या कामाची ठरलेली किंमत फक्त चार कोटी ऐंशी लाख आहे, म्हणजे तीस लाख वाचलेले नाहीत, नव्वद लाख जादा गेले आहेत. खर्चाची मंजुरीशी तुलना केली की हे दिसत नाही. खर्चाची झालेल्या कामाशी तुलना केली की लगेच दिसतं.

मोह इथेच होतो. लांबच्या गठ्ठ्यात त्रेचाळीस कोटी पडून आहेत, त्याचा तपशील अजून लिहिलेला नाही, त्यावर कोणाची नजर नाही. त्यातून नव्वद लाख अलगद पहिल्या लाटेत ओढले की जादा खर्च कागदावरून नाहीसा होतो. पुढच्या तिमाहीत पुन्हा तेच, त्याच्या पुढच्याही. प्रत्येक अहवालात काम अंदाजपत्रकाच्या आत आणि शेवटच्या शंभर मीटरला पैसाच नाही. अमेरिकेत संरक्षण खात्याच्या मोठ्या कंत्राटांत कामाचे असे ढोबळ गठ्ठे ठेवण्याची मुभा असते आणि हिशेब तपासणारे नेमका हाच खेळ शोधत असतात. रबरासारखी ताणली जाणारी योजना म्हणून त्याला तिकडे नावही पडलेलं आहे. त्यावरचा नियम साधा आहे: लांबच्या कामाचा पैसा त्या कामाबरोबरच हलला पाहिजे, कामाशिवाय नुसता पैसा हलता कामा नये. जादा लागलेले नव्वद लाख राखीव रकमेतून, सहीनिशी, कारण लिहून घ्यायचे.

आणि त्याच बैठकीत पुढचा अंदाज नव्या दरानं मांडायचा. उरलेले एक हजार एकशे दहा मीटर, मीटरमागे पाच लाख, म्हणजे साडेपंचावन्न कोटी. हाती राखीव धरून उरलेत चोपन्न कोटी तीस लाख. एक कोटी वीस लाखांची तूट तिसऱ्याच महिन्यात कळली. तेव्हा अजून नव्वद टक्क्यांहून जास्त बोगदा खोदायचा आहे आणि पद्धत बदलायला, पाणी आधी उपसून माती सुकवून पाहायला किंवा जादा मंजुरी मागायला भरपूर वेळ आहे. हीच तूट तीसाव्या महिन्यात कळली, तर करण्यासारखं फार काही उरत नाही.

ढोबळ ठेवायचं म्हणजे लांबचं सगळं सोडून द्यायचं, असा समज मात्र घातक ठरतो. काही गोष्टी लांबच्या असूनही आजच तपशिलात आखाव्या लागतात. ज्या वस्तू यायला बरेच महिने लागतात, परदेशातून यायची यंत्रं, खास बनवून घ्यायचे पुलाचे गर्डर, त्यांची मागणी काम सुरू होण्याच्या कितीतरी आधी नोंदवावी लागते. जमीन संपादनाचं तसंच. ती कारवाई लाटेच्या वेगानं चालत नाही, कायद्याच्या वेगानं चालते. म्हणून प्रत्येक लांबच्या गठ्ठ्याला एक प्रश्न विचारायचा: यातलं असं काय आहे, जे आज केलं नाही तर तेव्हा करताच येणार नाही? एवढं बाहेर काढून आजच्या तपशिलात घालायचं, बाकीचं राहू द्यायचं.

कोकण रेल्वेच्या आखणीत हा विवेक दिसतो. ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली रोह्यापासून मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंतचा ७४१ किलोमीटरचा मार्ग सात विभागांत वाटला गेला. महाड, रत्नागिरी उत्तर, रत्नागिरी दक्षिण, कुडाळ, पणजी, कारवार आणि उडुपी. प्रत्येक विभागाला स्वतःचा मुख्य अभियंता आणि निर्णयाचे अधिकार. जमीन आपल्या पायाखाली कशी निघते आहे, हे ज्याला रोज दिसतं, त्यानंच जवळचा तपशील ठरवायचा. मार्गही एकदम उघडला नाही. दोन्ही टोकांचे तुलनेनं सोपे तुकडे आधी सुरू झाले. मार्च १९९३ मध्ये मंगळुरू-उडुपी, जून १९९३ मध्ये रोहा-वीर. मधला अवघड पट्टा मागे राहिला. गोव्यात तर मार्गाच्या आखणीवरूनच आंदोलन उभं राहिलं, काम थांबलं, चौकशी आयोग बसला. जमिनीखालच्या अनिश्चिततेत जमिनीवरची भर पडली. पेडण्याचा बोगदा पूर्ण व्हायला सुमारे सहा वर्षं लागली. सगळा मार्ग २६ जानेवारी १९९८ला जोडला गेला. सुरुवातीला बोलला गेलेला पाच वर्षांचा काळ केव्हाच उलटून गेला होता.

पद्धत नीट वापरली म्हणून जमीन बदलत नाही, हेही इथेच सांगायला हवं. हिमाचल प्रदेशातल्या रोहतांगखालच्या अटल बोगद्याची लांबी ९.०२ किलोमीटर. त्याची पायाभरणी २०१० साली झाली. उत्तरेकडचं तोंड हिवाळ्यात बर्फामुळे बंद पडायचं, हे आधीच माहीत होतं आणि वेळापत्रकात धरता येण्यासारखं होतं. दक्षिणेकडून जाताना मात्र सेरी नाल्याखालचा भंगलेल्या खडकाचा पट्टा लागला. त्याची लांबी फक्त ५८७ मीटर, पण पाणी आणि भुसभुशीत खडक यांनी कामाची गती कित्येक वर्षं रोखून धरली. दोन्ही बाजू २०१७च्या ऑक्टोबरमध्ये जुळल्या आणि बोगदा ३ ऑक्टोबर २०२०ला खुला झाला. नऊ किलोमीटरचं वेळापत्रक जवळजवळ त्या सहाशे मीटरांनीच ठरवलं. अशा ठिकाणी लाटांची योजना संकट टाळू शकत नाही. संकट किती मोठं आहे हे लवकर आणि खरं सांगणं, एवढंच तिच्या हाती असतं.

या नावाखाली खोटं कामही पुष्कळ चालतं, आणि ते ओळखायला इंजिनिअर असावं लागत नाही. पहिली खूण म्हणजे तपशिलाची हद्द आखडत जाणं. तीन महिन्यांचा तपशील असायचा, तो दोन महिन्यांवर येतो, मग पंधरा दिवसांवर. लोक आग विझवण्यात गुंतले आणि पुढचा गठ्ठा फोडायला कोणाला वेळच मिळाला नाही, असा त्याचा अर्थ. दुसरी खूण, दर लाटेच्या शेवटी उरलेली अवघड कामं पुढच्या लाटेत ढकलली जातात आणि सोपी तेवढी पूर्ण होतात. पाहणाऱ्याला टक्केवारी वाढताना दिसते, पण नाल्याखालचा पट्टा जिथल्या तिथे असतो. चांगली योजना याच्या उलट वागते. शंका जास्त तिथली तपासणी ती आधी उरकते, मग खोदकामाची पाळी तिथे वर्षानं का येईना. तिसरी खूण, जुनी योजना पुसून तिच्या जागी नवी ठेवली जाते. प्रत्येक लाटेची मूळ प्रत जपली नाही, तर आपले अंदाज कुठे आणि किती चुकतात हे कधीच समजत नाही, आणि पुढच्या अंदाजाला आधार उरत नाही.

पेडण्याच्या बोगद्याचं काम रूळ पडल्यावरही संपलं नाही. ऑगस्ट २०२०मध्ये आतल्या भिंतीचा भाग कोसळला आणि गाड्या दुसऱ्या मार्गानं वळवाव्या लागल्या. जुलै २०२४मध्ये पावसात आत पाणी आणि चिखल शिरून वाहतूक पुन्हा थांबली. ज्या मातीनं खोदणाऱ्यांना दाद दिली नाही, ती देखभाल करणाऱ्यांनाही सहज दाद देत नाही. म्हणून अशा बोगद्याच्या योजनेतली शेवटची ढोबळ ओळ उद्घाटनापाशी तोडता येत नाही, देखभालीचा गठ्ठाही तिच्यात हवा, पैशासकट.

महाराष्ट्रात आणि गोव्यात आज बोगदे, भुयारी मेट्रो, घाटरस्ते यांच्या पूर्णत्वाच्या तारखा जाहीर होत असतात. जवळजवळ प्रत्येक वेळी एकच तारीख दिली जाते, मग ती चुकते, मग नवी एकच तारीख येते. नागरिकांनी, लोकप्रतिनिधींनी आणि पत्रकारांनी त्या ऐवजी तीन गोष्टी मागाव्यात. जमिनीची खात्रीची माहिती आज कुठपर्यंत आहे, त्यापुढच्या कामाचा कमीत कमी आणि जास्तीत जास्त काळ किती धरला आहे, आणि हा अंदाज पुन्हा कोणत्या तारखेला जाहीर केला जाईल. सार्वजनिक पैशावर चाललेल्या प्रत्येक भुयारी कामाच्या फलकावर ठेकेदाराच्या नावाखाली या तीन ओळी लिहिणं बंधनकारक करायला हवं.